उंचावरून सोडलेला दगड पूर्वेला का सरकतो: दौलताबादचा हिशेब आणि तीन पाइपांचा प्रयोग

दौलताबादच्या चांदमिनाराची उंची साधारण ६४ मीटर आहे. हवेचा अडथळा नाही असं धरलं आणि त्याच्या माथ्याइतक्या उंचीवरून एक लोखंडी गोळी अलगद सोडली, तर ती ओळंब्याच्या टोकाखाली पडणार नाही. ती तिथून सुमारे १०.६ मिलिमीटर पूर्वेला पडेल. करंगळीच्या रुंदीएवढं हे अंतर आहे. ते कुठून येतं, कसं काढायचं आणि एखाद्या पाच-सहा मजली इमारतीत ते मोजायचं कसं, हे इथे क्रमाने मांडलं आहे. मिनार आपण फक्त हिशेबासाठी घेतला आहे. ते संरक्षित स्मारक आहे, त्यावरून काही टाकून बघायचं नाही. शिवाय त्याला मजल्यामजल्यावर सज्जे आहेत, त्यामुळे गोळी जमिनीपर्यंत सरळ जाणारही नाही.

आधी दोन चुकीची उत्तरं

पहिलं चुकीचं उत्तर फार जुनं आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग दगड हवेत असताना जमीन पुढे निघून जाईल आणि दगड मागे, म्हणजे पश्चिमेला पडेल. दौलताबादजवळची जमीन पृथ्वीच्या परिवलनामुळे ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने पूर्वेला जाते. हे म्हणणं खरं असतं तर साडेतीन सेकंदांत दगड दीड किलोमीटर मागे राहिला असता. तो राहत नाही, कारण सोडण्याआधी दगडही मिनारासोबत त्याच वेगाने पूर्वेला जात असतो आणि सोडल्यावर तो वेग गळून पडत नाही.

दुसरं उत्तर बरंच शहाणं आहे, म्हणूनच ते जास्त फसवतं. मिनाराचा माथा पृथ्वीच्या अक्षापासून पायथ्यापेक्षा थोडा दूर आहे. चोवीस तासांत दोघांनाही एकच फेरी मारायची असल्यामुळे माथ्याचा वेग थोडा जास्त असतो. दगड हा जादा वेग घेऊन निघतो आणि पायथ्याच्या पुढे जातो. दिशा बरोबर आली, पूर्व. आता आकडा काढू.

पृथ्वीचा कोनीय वेग ω म्हणजे सेकंदाला 7.292 × 10⁻⁵ रेडियन. दौलताबादचा अक्षांश सुमारे १९.९४ अंश, त्याचा cos ०.९४. माथ्याचा जादा वेग असा:

```
ω h cosφ = 7.292e-5 × 64 × 0.94 = 0.00439 m/s
```

म्हणजे सेकंदाला ४.४ मिलिमीटर. g ९.७९ धरला तर पडायला लागणारा वेळ √(2 × 64 / 9.79) म्हणजे ३.६२ सेकंद येतो. दोघांचा गुणाकार १५.९ मिलिमीटर. पण वर दिलेलं उत्तर १०.६ आहे. दुसऱ्या उत्तराचा आकडा बरोबर दीडपट मोठा निघतो, आणि सगळी खरी गंमत या दीडपटीत आहे.

कोनीय संवेगाने हिशेब

वरच्या हिशेबात गृहीत असं धरलं की दगडाचा पूर्वेकडचा वेग पडताना बदलत नाही. तो बदलतो. गुरुत्वाकर्षण दगडाला नेहमी पृथ्वीच्या केंद्राकडे ओढतं. दगड पूर्वेला सरकत जातो तशी केंद्राकडे जाणारी ही दिशाही वळत जाते. दगड सुटला त्या क्षणीची 'खाली' ही दिशा पक्की धरली, तर नंतरच्या ओढीचा एक अगदी बारीक भाग पश्चिमेकडे येतो. साडेतीन सेकंदांत पृथ्वी जेमतेम ०.०१५ अंश फिरते, पण आपण मोजतोय तेही मिलिमीटर. हा मागे ओढणारा भाग १५.९ पैकी नेमका एक तृतीयांश, म्हणजे ५.३ मिलिमीटर खाऊन टाकतो. उरतात १०.६.

नेमका एक तृतीयांश का, हे कोनीय संवेगातून सगळ्यात सोपं दिसतं. एखाद्या बिंदूभोवती फिरणाऱ्या वस्तूवरचा जोर त्या बिंदूच्याच दिशेने असेल, तर वस्तूचा कोनीय संवेग, म्हणजे वस्तुमान × अंतर × आडवा वेग, कायम राहतो. हे हातात घेऊन बघता येतं. पेनाच्या रिकाम्या नळीतून दोरा ओवा, वरच्या टोकाला खोडरबर बांधा, नळी डोक्यावर धरून रबर गरगर फिरवा आणि खालून दोरा ओढा. वर्तुळ लहान होतं तसं रबर जास्त वेगाने फिरायला लागतं. पडणाऱ्या दगडाचंही तेच होतं, फक्त दोऱ्याच्या जागी गुरुत्वाकर्षण आहे.

आता विषुववृत्तावर उभं असल्याची कल्पना करा, म्हणजे cos चा विचार क्षणभर बाजूला राहतो. पृथ्वीची त्रिज्या R. दगड R + h अंतरावर, पृथ्वीच्याच कोनीय वेगाने फिरत होता. तो s इतका खाली आल्यावर केंद्रापासूनचं अंतर s ने घटलं. कोनीय संवेगात अंतराचा वर्ग आणि कोनीय वेग यांचा गुणाकार असतो. त्यामुळे अंतर जेवढ्या टक्क्यांनी घटतं, त्याच्या दुप्पट टक्क्यांनी कोनीय वेग वाढावा लागतो. म्हणजे दगडाचा कोनीय वेग पृथ्वीपेक्षा 2ωs/R ने जास्त झाला. याला त्रिज्येने गुणलं की, दगडाच्या उंचीवर मिनार ज्या वेगाने चालला आहे त्याच्या तुलनेत दगड किती पुढे धावतोय ते कळतं:

```
v(पूर्व) = 2 ω s
```

एवढं एक समीकरण हातात आलं की काम झालं. सुटताना s शून्य असतं, म्हणून दगड मिनाराच्या मानाने आडवा अजिबात हलत नसतो. हे पटण्यासारखं आहे, कारण आपण तो नुसता सोडला आहे, ढकललेला नाही. जितका खाली येईल तितका पूर्वेकडचा वेग वाढत जातो. पायथ्याशी तो 2ωh होतो. म्हणजे दुसऱ्या उत्तरात आपण जो ωh धरला होता, त्याच्या दुप्पट.

मग एकूण अंतर कमी का? कारण दगड आपल्या वेळेचा मोठा भाग वरच्याच टप्प्यात घालवतो. s हे वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढतं, आणि वर्गाची पूर्ण काळातली सरासरी शेवटच्या किमतीच्या एक तृतीयांश असते. म्हणून s ची सरासरी h/3, वेगाची सरासरी 2ωh/3, आणि त्याला वेळेने गुणलं की उत्तर. विषुववृत्त सोडून इतर ठिकाणी दगड s ने खाली आला तरी पृथ्वीच्या अक्षाच्या फक्त s cosφ इतकाच जवळ येतो, म्हणून cosφ जोडायचा:

```
d = (2/3) ω h t cosφ,   t = √(2h/g)
```

चांदमिनारासाठी: (2/3) × 0.00439 × 3.62 = 0.0106 मीटर.

याच वाटेने एक उलटतपासणी करून बघण्यासारखी आहे. दगड जमिनीवरून सरळ वर h उंचीपर्यंत फेकला तर? वर जाताना तो अक्षापासून लांब जातो, म्हणून पृथ्वीच्या मागे पडतो, आणि परत जमिनीवर येईपर्यंत पूर्ण वेळ मागेच असतो. त्याची सरासरी उंची 2h/3 आणि हवेतला वेळ 2t. त्यामुळे तो पश्चिमेला पडतो, आणि तोही त्याच उंचीवरून सोडलेल्या दगडाच्या चौपट अंतरावर. 'जादा वेग' वाल्या उत्तराने हा चौपटीचा आकडा निघत नाही. कोनीय संवेगाने एका ओळीत निघतो.

उंचीबरोबर d कसं वाढतं याचाही अंदाज ठेवा. h चौपट केला तर t दुप्पट होतो, म्हणून d आठपट. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ३०० मीटर खोल बोअर नवी नाही. हवा आणि पाणी नसतं आणि बोअर अगदी ओळंब्यात असती, तर तेवढ्या खोलीत सरक १०.७ सेंटिमीटर झाली असती. साडेसहा इंची बोअरची त्रिज्या सव्वाआठ सेंटिमीटर. म्हणजे मधोमध सोडलेला खडा तळाला पोहोचायच्या आधीच पूर्वेच्या भिंतीला लागला असता. प्रत्यक्षात कोणतीच बोअर इतकी सरळ नसते, त्यामुळे तिथे प्रयोग करण्यात अर्थ नाही.

अक्षांशाचा फरक मात्र आपल्याकडे नगण्य आहे. लातूर १८.४ अंशावर, छत्रपती संभाजीनगर १९.९ अंशावर. cosφ ०.९४९ वरून ०.९४० वर येतो, एक टक्का. लातूरला बसून हा लेख वाचत असाल तरी आकडे बदलायची गरज नाही.

पूर्वी कुठे काय अडलं

१६७९ साली न्यूटनने रॉबर्ट हुकला लिहिलेल्या पत्रात सुचवलं होतं की उंचावरून सोडलेली वस्तू पूर्वेला पडेल आणि त्यातून पृथ्वीचं फिरणं सिद्ध करता येईल. जमेल असा प्रयोग व्हायला मात्र शंभरहून जास्त वर्षं गेली. १७९१ मध्ये गुलिएल्मिनीने बोलोन्याच्या असिनेल्ली मनोऱ्यात गोळ्या सोडल्या. त्याची अडचण गोळ्यांपेक्षा ओळंब्यात होती. ओळंबा स्थिर होईना, म्हणून तो काही महिन्यांनी, हिवाळ्यात घेतला गेला. तोपर्यंत मनोराच थोडा हललेला असू शकतो. पूर्वेची सरक त्याला दिसली, पण जिच्यापासून मोजायचं ती खूणच खात्रीची नव्हती.

बेन्झेनबर्गने १८०२ मध्ये हॅम्बुर्गच्या सेंट मायकेल चर्चच्या मनोऱ्यात आणि १८०४ मध्ये एका कोळशाच्या खाणीत प्रयोग केले. खाण अशासाठी की तिथे वारा कमी आणि ऊन नाही. सगळ्यात नीटस निकाल राइशचा. १८३१ मध्ये त्याने फ्रायबर्गच्या खाणीत १५८.५ मीटर खोलीवर १०६ गोळ्या सोडल्या. सरासरी सरक सुमारे २८ मिलिमीटर पूर्वेला आली. वरच्या सूत्रात ५०.९ अंश अक्षांश घालून बघा, २७.६ येतं. हॉलने १९०२ मध्ये हार्वर्डला फक्त २३ मीटर उंची वापरली. सरक दोन मिलिमीटरच्या आत असणार हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने तब्बल ९४८ गोळ्या सोडल्या. आपल्याला जमण्यासारखा प्रयोग हॉलच्या जातीचा आहे: उंची कमी, गोळ्या भरपूर.

मांडणी: तीन पाइप आणि एक जिना

लागणारी उंची शेतीच्या सामानात तयार मिळते. १६० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप वीस फुटी लांबीत येतात. तीन जोडले की साठ फूट, १८.३ मीटर. पाच-सहा मजली इमारतीच्या जिन्याच्या मधल्या पोकळीत ते उभे बसतात. कोरड्या विहिरीत उतरून हा प्रयोग करू नका. तळाशी साचलेला विषारी वायू आणि ढासळणारी माती, दोन्ही जीव घेतात.

१८.३ मीटरला t १.९३ सेकंद आणि d १.६२ मिलिमीटर. 'जादा वेग' वालं चुकीचं उत्तर २.४३ मिलिमीटर. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा, शेवटी त्यांच्यात निवाडा करायचा आहे.

पाइपचं काम फक्त वारा अडवायचं आहे. तो काटेकोर उभा नसला तरी चालतो, गोळी त्याच्या भिंतीला लागली नाही म्हणजे झालं. आतला व्यास पंधरा सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरचा झोल खपतो. प्रत्येक मजल्याला रेलिंगशी क्लॅम्पने बांधा. सांधे चिकटवू नका, बाहेरून टेप गुंडाळा, पाइप नंतर शेतात जातील. आतली हवा तापली की उभा पाइप धुराड्यासारखा ओढ धरतो आणि आत झोत चालू होतो. म्हणून खालचं तोंड माती ठेवलेल्या खोक्यात बंद करा आणि वरच्या तोंडाभोवती ॲक्रिलिकचा किंवा पुठ्ठ्याचा आडोसा करा.

गोळी बेअरिंगची, २५ मिलिमीटर व्यासाची पोलादी. तिचं वजन सुमारे ६४ ग्रॅम भरतं आणि ती खाली ताशी ६५ किलोमीटरच्या जवळपास वेगाने पोहोचते. डोक्यात बसली तर कवटी फुटेल. गोळी सुटताना तळाशी कोणीही नको. तळमजल्याचा जिना दोरी बांधून बंद करा आणि वरच्याने 'सोडतो' असं ओरडून, खालून उत्तर आल्यावरच सोडायचं.

सोडण्याची व्यवस्था पाइपवर बसवू नका. स्लॅबला पक्क्या केलेल्या वेगळ्या ब्रॅकेटवर बसवा, म्हणजे पाइपचं थरथरणं तिथे पोहोचत नाही. ब्रॅकेटवर एक गोल पोलादी तबकडी, मधोमध एक मिलिमीटरचं छिद्र, कडेला ०, ९०, १८०, २७० अशा खुणा. तबकडी त्या छिद्राभोवती फिरवता आली पाहिजे. ते का, हे पुढे येईल. छिद्रातून सुती दोरा घेऊन त्याला वीस सेंटिमीटर खाली गोळी टांगा. दोरा फेविक्विकच्या एका थेंबाने चिकटतो.

दोरा कापायचा नाही, जाळायचा. कात्री लावली की ढकल बसतेच. इलेक्ट्रिक शेगडीच्या कॉइलची तार घेऊन तिचं एक लहान वेटोळं करा, ते तबकडीलाच खाली लटकवा आणि गोळीच्या सेंटिमीटरभर वर दोरा त्याच्या मधून, तारेला न शिवता न्या. बॅटरी जोडली की तार लाल होते आणि दोरा चारही बाजूंनी सारखा तापून तुटतो. विद्युतचुंबक सोयीचा वाटतो, पण वीज बंद केल्यावरही त्यात चुंबकत्व थोडं उरतं आणि गोळी एका कडेने सुटते. गोळी टेबलाच्या कडेवरून गडगडवणं तर सगळ्यात वाईट, कारण आडव्या अक्षाभोवती फिरणारी गोळी हवेत वळते. टांगलेली गोळी दोऱ्याच्या पिळामुळे उभ्या अक्षाभोवती गिरकी घेते, त्याने काही बिघडत नाही.

तळाशी लाकडी चौकट जमिनीला खिळून टाका आणि तिच्यात सरकवता येईल असा ट्रे ठेवा. ट्रेमध्ये आठ सेंटिमीटर जाडीची शाडूची ओली माती सपाट करून भरा. गावाकडची काळी माती फुकट मिळते, पण ती वाळताना इतकी आक्रसते की मातीच दोन-तीन मिलिमीटर सरकते. आपल्याला मोजायचंय दीड. शाडूतही खड्डा पडल्यावर लगेच मोजा.

ओळंबा आणि पूर्व दिशा

सगळा निकाल ओळंब्यावर उभा आहे. ओळंबा त्याच छिद्रातून टांगायचा, ज्यातून गोळी टांगतो. दोन इंच बाजूला टांगून 'तेवढं वजा करू' म्हणू नका. नायलॉनची दोरी ताणत राहते आणि कोरड्या हवेत पीव्हीसीकडे ओढलीही जाते, म्हणून बारीक पोलादी तार घ्या आणि पाइप आतून ओल्या फडक्याने पुसून घ्या. अठरा मीटरचा ओळंबा एका झोक्याला साडेआठ सेकंद घेतो आणि तासभर डुलत राहतो. गवंड्याच्या ओळंब्याचं वजन तेलाच्या डब्यात बुडवून ठेवलं की तो लवकर थांबतो. थांबल्यावर तारेची जागा चौकटीवर ताणलेल्या दोन आडव्या-उभ्या दोऱ्यांच्या छेदाने पक्की करा. तो छेद म्हणजे तुमचा शून्य.

ओळंबा प्रत्येक सत्राच्या आधी आणि नंतर घ्यायचा. मराठवाड्याच्या उन्हात इमारतीची एक बाजू तापली की माथा सहज मिलिमीटरभर झुकतो, म्हणजे आपल्या मोजमापाएवढाच. काम रात्री दहा ते पहाटे पाच या वेळात ठेवा. दोन ओळंब्यांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर त्या रात्रीच्या सगळ्या नोंदी रद्द समजा. हे जिवावर येतं, पण गुलिएल्मिनीची अडचण नेमकी हीच होती.

पूर्व दिशेची फार काळजी नको. दिशा दहा अंश चुकली तरी उत्तर दीड टक्क्यानेच कमी होतं. होकायंत्र फक्त इमारतीच्या बाहेर वापरा, आत स्लॅबच्या सळ्या सुईला भलतीकडे वळवतात.

सोडताना

गोळी १.६२ मिलिमीटर सरकायला १.९३ सेकंद घेते. म्हणजे सुटताना तिला सेकंदाला एक मिलिमीटर इतका जरी आडवा वेग असला, तरी ती १.९ मिलिमीटर भलतीकडे जाईल, खऱ्या परिणामापेक्षा जास्त. वीस सेंटिमीटर दोऱ्यावर टांगलेली गोळी ०.१४ मिलिमीटर इकडे-तिकडे डुलत असली की मध्यावर तिचा वेग तेवढा असतो. नुसत्या डोळ्याला ते डुलणं दिसत नाही. सोनार डोळ्याला लावतात ते भिंग घेऊन, मागे आखीव पट्टी ठेवून बघा. रंगाचा मऊ ब्रश खालून हळूच टेकवला की झोका मरतो. मग ब्रश काढून पुन्हा भिंगातून बघा. एका गोळीला दहा मिनिटं सहज जातात.

उरलेलं डुलणं कधी या बाजूला, कधी त्या बाजूला असतं, त्यामुळे सरासरीत ते पुसलं जातं. धोका त्या चुकीचा, जी दर वेळी एकाच दिशेला ढकलते: वेटोळं किंचित एका बाजूला असणं, छिद्राची कड एका बाजूला खरखरीत असणं. त्यासाठी तबकडी फिरवायची. दर दहा गोळ्यांनंतर ती ९० अंशांनी वळवा. तबकडीचा दोष तबकडीबरोबर फिरेल, पूर्व दिशा फिरणार नाही. चार स्थितींची सरासरी घेतली की दोष आपोआप वजा होतो. चारही स्थितींत गोळ्यांची संख्या सारखी मात्र ठेवा.

प्रत्येक खड्ड्याचा मध्य व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि दोन आकडे लिहा: x पूर्वेला धन, y उत्तरेला धन. खड्डा मोठा असतो, म्हणून दोन्ही कडांची मापं घेऊन मध्य काढा. लांब गेलेली गोळी 'बिघडली असेल' म्हणून खोडायची नाही. पाइपला लागल्याचा आवाज आला तरच खोडायची, आणि तेही माप घेण्याच्या आधी ठरवून.

निकाल वाचताना

गोळ्या एका ठिकाणी पडणार नाहीत. हवेतून पडणारी गुळगुळीत गोळीही मागच्या भोवऱ्यांमुळे इकडेतिकडे हेलकावते. समजा x चं प्रमाण विचलन ६ मिलिमीटर आलं. एका गोळीवरून काहीच सांगता येणार नाही, पण २४० गोळ्यांच्या सरासरीतली अनिश्चितता ६ ÷ √२४०, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटरवर येते. तक्त्यात x हा B स्तंभात असेल तर:

```
=AVERAGE(B2:B241)
=STDEV(B2:B241)/SQRT(COUNT(B2:B241))
```

आता आधी x बघू नका, y बघा. सिद्धांतानुसार उत्तर-दक्षिण सरक एवढ्या उंचीला एक मायक्रोमीटरही नसते, आपल्या दृष्टीने शून्यच. तुमच्या y ची सरासरी ०.४ च्या दुपटीच्या आत असेल तर मांडणी प्रामाणिक आहे. y जर २ किंवा ३ मिलिमीटर आला, तर ओळंबा, हवेचा झोत किंवा तबकडी यांपैकी काहीतरी एकीकडे ओढतंय. तेच x मध्येही शिरलं असणार, मग x कितीही छान १.६ आला तरी त्यावर विश्वास ठेवू नका. दोष शोधायला तबकडीच्या चार स्थितींची सरासरी वेगवेगळी काढा. ढकल तबकडीबरोबर फिरत असेल तर दोष वर आहे. चारही स्थितींत एकाच दिशेला असेल तर ओळंबा किंवा झोत.

y नीट आला आणि x १.६ च्या आसपास, ०.४ अनिश्चिततेसह आला, तर 'दगड पूर्वेला सरकतो' हे पक्कं झालं, कारण शून्यापासून तो चार अनिश्चितता दूर आहे. पण १.६२ की २.४३, हा निवाडा एवढ्यात होत नाही. दोघांत ०.८१ चा फरक आहे, म्हणजे जेमतेम दोन अनिश्चितता. तो तिपटीने वेगळा करायचा तर ०.२७ हवं, आणि त्याला जवळजवळ ५०० गोळ्या लागतात. दहा मिनिटांच्या हिशेबाने ऐंशीहून जास्त तास. त्यापेक्षा इमारत उंच मिळत असेल तर चौथा पाइप चढवा: २४.४ मीटरला बरोबर उत्तर २.४९ आणि चुकीचं ३.७३ होतं, फरक सव्वा मिलिमीटर. गोळ्यांचं विखुरणंही त्याबरोबर वाढतं, म्हणून पहिल्या चाळीस गोळ्यांवरून प्रमाण विचलन काढा आणि मगच आणखी किती सोडायच्या ते ठरवा.